क्वालिटीच्या तक्रारीत अडकलेलं बिल: नोंदी कशा करायच्या आणि पैसे कसे सोडवायचे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गोव्यातल्या कुंडई, वेर्णा, थिवी, पिसुर्ले इथल्या छोट्या कारखानदारांकडून जून ते सप्टेंबर या काळात हेच प्रश्न फिरून फिरून येतात. त्यातले बरेच पुठ्ठ्याच्या खोक्यांबद्दल असतात, म्हणून सगळी उत्तरं एकाच उदाहरणावर बेतली आहेत. नावं काढली आहेत आणि आकडे हिशेबाला सोपे केले आहेत.

उदाहरण असं. कुंडईच्या एका खोकेवाल्याने वेर्ण्याच्या औषध कंपनीला जुलैमध्ये ६,००० कोरुगेटेड खोके दिले. दर ४० रुपये, बिल २,४०,००० रुपयांचं (जीएसटी वेगळा). माल दोन खेपांत गेला: पहिलीत ३,६००, दुसरीत २,४००. एका बंडलात २० खोके. दुसरी खेप गेल्यावर चार दिवसांनी परचेसवाल्याचा व्हॉट्सॲपवर निरोप आला, ‘बॉक्स मऊ पडतायत, क्वालिटी खराब आहे, पेमेंट होल्डवर आहे.’ आणि सगळं बिल थांबलं.

पार्टीने फक्त फोनवर सांगितलं की माल खराब आहे. ही तक्रार धरायची का?

धरायची, आणि त्याच दिवशी ती लेखी करून घ्यायची. आपल्याकडे परचेसवाल्याशी कोकणीत पाच मिनिटं बोलणं होतं, ‘बघूया मरे’ म्हणून फोन ठेवला जातो आणि महिन्याभराने दोघांनाही वेगवेगळं आठवतं. फोन ठेवल्या ठेवल्या एक मेल टाका: आज अमुक वाजता तुमच्याशी बोलणं झालं, तुम्ही अमुक चलनाच्या मालाबद्दल अमुक तक्रार सांगितली, खालची माहिती पाठवावी. मेलची भाषा कुठली का असेना, तारीख आणि चलन क्रमांक त्यात हवा.

तक्रार लेखी मागितली तर ती वाढेल, असं अनेकांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. ‘क्वालिटी खराब’ हे तोंडी वाक्य सहा हजार खोक्यांना लागू होतं. लिहायला बसल्यावर त्याच माणसाला बंडलं मोजावी लागतात.

लेखी तक्रारीत नेमकं काय असायला हवं?

किती माल, कुठल्या खेपेतला, काय दोष आणि तो कुठल्या अटीविरुद्ध, एवढं असलं तरी काम पुढे सरकतं. ‘मऊ पडतात’ हा दोष झाला नाही. ‘चलन अमुक, दुसरी खेप, अंदाजे ५० बंडलं ओली, खोक्याची कॉम्प्रेशन स्ट्रेंग्थ पर्चेस ऑर्डरमधल्या २५० किलोपेक्षा कमी’ हा दोष झाला.

दोन गोष्टी आठवणीने विचाराव्या लागतात, कारण पार्टी त्या स्वतःहून सांगत नाही. एक, यातले किती खोके वापरून झाले? दुसरी, उरलेला माल आत्ता कुठे ठेवलाय आणि वेगळा काढून त्याला ‘होल्ड’चं लेबल लावलंय का? आमच्या उदाहरणात पहिल्या खेपेतले १,९०० खोके औषधांसह रवाना झालेले निघाले. १९३० च्या माल विक्री कायद्याप्रमाणे विकणाऱ्याच्या मालकीशी विसंगत असं काही मालाचं केलं की माल स्वीकारल्यासारखा होतो. स्वतःचं औषध भरून बाजारात पाठवलेला खोका नाकारता येत नाही. दोष सिद्ध झाल्यास किंमत कमी मागता येते, पण ती वेगळी मागणी.

तक्रारीच्या तारखेला एवढं महत्त्व का?

तुमचा उद्योग सूक्ष्म किंवा लघु म्हणून उद्यम नोंदणीत असेल, तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्याचं घड्याळ या तारखेवर चालतं. माल पोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर पोचला त्या दिवशीच तो स्वीकारला असं कायदा मानतो. लेखी करार असेल तर त्यातल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. करारच नसेल तर मुदत १५ दिवसांची. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं.

१५ दिवसांच्या आत लेखी हरकत आली, तर मात्र ती तुम्ही दूर कराल तो दिवस स्वीकृतीचा धरला जातो. म्हणून हरकत आली ती तारीख जशी हवी, तशी ती मिटली ती तारीखही लेखी हवी. दुसरी तारीख जवळपास कुणीच घेत नाही. तक्रार निवळते, सगळे विसरतात, आणि पुढे व्याज कधीपासून मोजायचं यावर वाद होतो.

संयुक्त तपासणी कशी करायची? काय काय लिहायचं?

दोन्हीकडची माणसं मालासमोर उभी राहून जे दिसतं ते एकाच कागदावर लिहून सही करतात, ती संयुक्त तपासणी. तुमच्याकडून मालक किंवा सुपरवायझर, त्यांच्याकडून क्वालिटीचा माणूस हवाच. फक्त स्टोअरकीपरची सही असेल तर पुढे ‘त्याला अधिकार नव्हता’ हे ऐकायची तयारी ठेवा.

आधी बंडलं मोजा. पहिल्या खेपेतली उरलेली ८५ बंडलं, म्हणजे १,७०० खोके, कोरडी आणि टणक निघाली. दुसऱ्या खेपेच्या १२० बंडलांपैकी ४६ वर पाण्याचे डाग होते. उरलेली ७४ हाताला दमट, पण डाग नाही. कागदावर हे तीन गट वेगळे लिहिले, आणि पुढचा सगळा हिशेब त्यामुळेच सोपा झाला.

मग डाग वाचायचे. पुठ्ठ्यावर पाणी जिथपर्यंत चढतं तिथे सुकताना तपकिरी रेघ उरते. रेघ बंडलाच्या खालून वर गेलेली असेल आणि ती थप्पीच्या फक्त तळच्या बंडलांवर असेल, तर पाणी जमिनीकडून आलं: पॅलेट न घालता लादीवर माल ठेवला. डाग वरून किंवा एका बाजूने ओघळलेले असतील आणि तशी बंडलं थप्पीत वर-खाली विखुरलेली असतील, तर ताडपत्री फाटकी होती किंवा नीट बांधली नव्हती. गाडीतल्या रचनेचा थप्पीतल्या रचनेशी संबंध नसतो, म्हणून ती विखुरतात. त्या ४६ पैकी २६ बंडलं तळाची, खालून भिजलेली. २० बंडलांना बाजूने ओघळ. म्हणजे ५२० खोके त्यांच्या लादीवर भिजले आणि ४०० आपल्या गाडीत.

फोटो घेताना आधी अख्खी थप्पी जमिनीसकट, मग बंडलाचं लेबल, मग डाग, या क्रमाने घ्या. नुसत्या डागाचा जवळून काढलेला फोटो कुठल्याही मालाचा असू शकतो. मूळ फाइल फोनमध्येच राहू द्या. व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या फोटोतला तारीख-वेळेचा तपशील बहुधा गळून गेलेला असतो.

दोघांचं एकमत नसेल तिथे भांडत बसू नका. ‘खरेदीदाराच्या मते’ आणि ‘पुरवठादाराच्या मते’ अशा दोन ओळी लिहा आणि दोन्हीखाली सही घ्या. मोजणी दोघांना मान्य आणि कारण अमान्य, हा कागदही भरपूर कामाचा असतो.

त्यांच्या क्वालिटीवाल्याने त्यांच्याच मशीनवर खोका नापास केला. मान्य करायचं का?

खोका किती वेळ आणि कुठल्या हवेत ठेवून तपासला, हे आधी विचारा. पुठ्ठा हवेतली ओल शोषतो आणि ओल वाढली की खोक्याची दाब सहन करायची ताकद बरीच घसरते. म्हणून कागद-पुठ्ठ्याच्या चाचणीआधी नमुना ठरावीक हवेत मुरू देतात. आपल्याकडच्या मानकांत ती २७ अंश सेल्सिअस आणि ६५ टक्के सापेक्ष आर्द्रता अशी आहे. जुलैतल्या वेर्ण्यात उघड्या गोदामातली आर्द्रता ९० च्या आसपास असते. तिथून उचलून थेट मशीनवर ठेवलेला खोका कमी आकडा दाखवणारच.

आमच्या ७४ दमट बंडलांतला खोका त्यांच्याकडे १९० किलोला दबला. त्याच बंडलांतले नमुने दोघांच्या सहीने सील करून बाहेरच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत दिले. तिथे मुरवून तपासल्यावर २६८ आले, अट २५० ची होती. ही फेरी फक्त दमट मालासाठी उपयोगी. एकदा चिंब भिजलेल्या खोक्याची खाच बसते, गम सुटतो. तो सुकवून पहिल्यासारखा होत नाही, तेव्हा डाग असलेल्या मालासाठी प्रयोगशाळेचे पैसे घालवू नका.

पण एक बघा. पर्चेस ऑर्डरमध्येच ‘९० टक्के आर्द्रतेत अमुक ताकद’ असं लिहिलेलं असेल तर हा युक्तिवाद चालत नाही. मग त्यांचंच बरोबर.

तक्रार थोड्या मालाची आणि बिल अख्खं अडवलंय. उरलेले पैसे कसे मागायचे?

संयुक्त तपासणीच्या कागदावरून बिलाचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यापुढे कारण लिहायचं. आमचं पत्र असं होतं:

१. वापरलेले १,९०० खोके: ७६,००० रुपये. वाद नाही, लगेच सोडावे.
२. पहिल्या खेपेतले तपासून चांगले ठरलेले १,७००: ६८,००० रुपये. वाद नाही, लगेच सोडावे.
३. दमट पण डाग नसलेले १,४८०: ५९,२०० रुपये. प्रयोगशाळेचा अहवाल आल्यावर सात दिवसांत.
४. डाग असलेले ९२०: ३६,८०० रुपये. कारणावर बोलणी करून.

आणि खाली एक ओळ: ‘ही रक्कम स्वीकारल्याने उरलेल्या रकमेवरचा आमचा हक्क अबाधित राहील.’ पहिल्या दोन ओळींचे १,४४,००० रुपये चवथीच्या सुट्ट्या लागायच्या आत खात्यात आले. भाषा नरम ठेवली होती. तिसऱ्या ओळीत ‘अहवाल तुमच्या बाजूने आला तर आम्ही माल बदलून देऊ’ असंही लिहिलं होतं. समोरच्या अकाउंट्सवाल्याला आपल्या साहेबापुढे ठेवायला असा कागद लागतो.

‘सिस्टिममध्ये पार्ट पेमेंट होत नाही’ असं सांगतात. खरं असतं का?

अर्धं खरं असतं. मोठ्या कंपन्यांत पर्चेस ऑर्डर, मालाची आवक नोंद म्हणजे जीआरएन, आणि तुमचं बिल हे तिन्ही जुळल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. क्वालिटीने माल होल्डवर ठेवला की जीआरएन पुरी होत नाही आणि अकाउंट्सच्या पडद्यावर तुमचं बिल अडकलेलंच दिसतं. त्या बिचाऱ्याच्या हातात खरंच काही नसतं, त्याला रोज फोन करून उपयोग नाही.

फोन स्टोअर्सला आणि क्वालिटीला करायचा: ‘जीआरएनमध्ये स्वीकारलेली आणि नाकारलेली संख्या वेगळी टाका.’ संयुक्त तपासणीचा कागद जोडला की क्वालिटीवाला हे करतो, कारण त्याला आधार मिळतो. मग स्वीकारलेल्या संख्येपुरतं बिल आपोआप जुळतं.

पुढच्या वेळेपासून खेपेगणिक वेगळं बिल करा. दोन बिलं असती तर पहिल्या खेपेचे पैसे अडलेच नसते.

तक्रार आल्यावर त्यांनी ‘कापा’ फॉर्म भरायला पाठवलाय. त्यात काय लिहू?

औषध कंपन्या हा फॉर्म पाठवतातच: दोषाचं मूळ कारण काय आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार. लोक घाईत ‘कामगाराच्या निष्काळजीपणामुळे माल भिजला, काळजी घेऊ’ लिहून मोकळे होतात. तीन महिन्यांनी तोच फॉर्म सगळ्या मालाचा दोष कबूल केल्याचा कागद म्हणून समोर येतो.

फॉर्म भरायचा, टाळायचा नाही. पण संख्या आणि खेप लिहूनच: ‘दुसऱ्या खेपेतील २० बंडलांबाबत: गाडीच्या ताडपत्रीला उजव्या बाजूला फट होती. ताडपत्री बदलली, बंडलांना प्लास्टिकचं आवरण सुरू केलं. इतर २६ बंडलांच्या कारणाबाबत संयुक्त तपासणीतील नोंद पाहावी.’ जे आपलं, तेवढंच आपल्या नावावर.

पार्टीने स्वतःच डेबिट नोट पाठवून रक्कम कापली. चालतं का?

त्यांच्या वहीत चालतं, जीएसटीत त्याने तुमचा कर कमी होत नाही. जीएसटी कायद्यात माल परत आला किंवा कमअस्सल निघाला तर पुरवठादाराने क्रेडिट नोट काढायची असते, आणि खरेदीदाराने तेवढं इनपुट क्रेडिट उलटवायचं असतं. कराचा फायदा हवा तर ती नोट पुढच्या आर्थिक वर्षाच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरलं तर तोपर्यंत, विवरणपत्रात दाखवावी लागते.

डेबिट नोट आली की तिच्यावर संख्या आणि दर आहेत का पाहा. ‘क्वालिटी डिडक्शन’ एवढंच असेल तर त्याच दिवशी मेलवर नामंजूर करा आणि तपशील मागा. गप्प राहिलात तर वर्षअखेरीला खात्यांचा ताळमेळ घालताना ती मान्य केल्यासारखी धरली जाते.

आमच्या ३६,८०० चं असं झालं: गाडीत भिजलेले ४०० खोके परत घेऊन १६,००० ची क्रेडिट नोट, त्यावरच्या जीएसटीसह. लादीवर भिजलेल्या ५२० चे २०,८०० खरं तर त्यांनी द्यायला हवे होते. गिऱ्हाईक टिकवायचं म्हणून मालकाने निम्मे, १०,४०० सोडले. या दुसऱ्या रकमेत माल सदोष नव्हता, म्हणून सीएने तिची जीएसटीशिवायची, नुसत्या हिशेबाची क्रेडिट नोट काढायला लावली. हा फरक तुमच्या सीएला विचारूनच करा. बाकी १०,४०० आणि अहवालानंतरचे ५९,२०० मिळाले, म्हणजे बिलाच्या २,४०,००० पैकी २,१३,६०० हाती आले.

बिल अडवल्याने त्यांचंही काही नुकसान होतं का?

होतं, आणि ते त्यांच्या अकाउंट्सला शांतपणे आठवून देता येतं. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत, तर न दिलेल्या रकमेपुरतं इनपुट क्रेडिट त्यांना व्याजासह परत करावं लागतं. पैसे दिल्यावर ते पुन्हा घेता येतं. शिवाय उत्पादक सूक्ष्म-लघु उद्योगाची एमएसएमईडी मुदतीपलीकडे थकलेली रक्कम वर्षअखेरीला बाकी असेल, तर आयकरात त्या वर्षीचा खर्च म्हणून धरता येत नाही, प्रत्यक्ष देतील त्या वर्षी धरता येते. म्हणूनच मार्चमध्ये फोन लवकर उचलले जातात.

‘फुल अँड फायनल’ लिहून कमी पैसे एनईएफटी केले. आता?

पैसे परत पाठवायची गरज नाही, पण गप्पही राहू नका. त्याच दिवशी उत्तर द्या: ‘अमुक रक्कम अमुक बिलापोटी अंशतः जमा करून घेतली आहे, पूर्ण समझोता मान्य नाही, बाकी अमुक.’ आठवड्याने दिलेल्या उत्तराला वजन नसतं. रक्कम नेमक्या कुठल्या बिलापोटी आली हे त्यांच्याकडून मेलवर लिहून घ्या. वसुलीच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते. मुदतीच्या आत केलेल्या भरण्याची किंवा बाकीची सहीनिशी लेखी कबुली मिळाली, तर ती तेव्हापासून नव्याने मोजता येते.

माल पोचला तेव्हा इनवर्डचा शिक्का बिनशेरा मिळालाय. मग तक्रारच खोटी ना?

नाही. गेटवरचा शिक्का बंडलं किती आली एवढंच सांगतो. आतला दोष तपासायला खरेदीदाराला वाजवी वेळ मिळतो. पण ओली बंडलं उतरवून घेताना डोळ्यांना दिसतात, त्यामुळे पाण्याच्या डागांच्या वादात कोऱ्या शिक्क्याला वजन येतं. पावसाळ्यात ड्रायव्हरला सांगून ठेवा: उतरवण्याआधी ताडपत्री काढतानाचा एक फोटो आणि गोदामात थप्पी लागल्यावर एक. २६ बंडलं लादीवर होती हे शेवटी ड्रायव्हरच्याच फोटोवरून मान्य झालं.

तीन महिन्यांनी, पैसे मागायला गेल्यावर पहिल्यांदा क्वालिटीचा विषय काढला. काय करू?

माल पोचल्याची तारीख, तेव्हापासूनचे सगळे मेल आणि मधल्या काळात त्याच खोक्याची पुन्हा ऑर्डर दिली असेल तर ती, हे तारखेच्या क्रमाने एका फाइलीत लावा. १५ दिवसांत लेखी हरकत नसेल तर काय, ते ‘तक्रारीच्या तारखेला एवढं महत्त्व का?’ मध्ये दिलं आहे. तरी खरा छुपा दोष असेल तर तपासणी नाकारू नका. फक्त ‘हक्क अबाधित ठेवून तपासणीला येत आहोत’ असं आधी लिहा.

तरीही पैसे सुटले नाहीत तर उद्यम नोंदणीवर गोव्याच्या सूक्ष्म व लघु उद्योग सुकरता परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. परिषद आधी समेटाचा प्रयत्न करते आणि तो फसला की लवाद. निवाडा खरेदीदाराविरुद्ध गेला तर त्याला आव्हान द्यायच्या आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. निव्वळ ट्रेडिंग करणाऱ्यांना उद्यम नोंदणी असूनही हा मार्ग मिळत नाही. त्यांना दिवाणी न्यायालय किंवा करारातला लवाद. आणि अर्जाला जोडायला काय लागतं? चलनं, बिल, पर्चेस ऑर्डर आणि वर सांगितलेला तो सहीचा तपासणी-कागद. तो नसेल तर परिषदेपुढे दोन-तीन तारखा त्यातच जातात.